रकाना भरलेला, आत काहीच नाही

संगणकावर फॉर्म भरताना काही रकान्यांसमोर लाल चांदणी असते. ती असली की रकाना रिकामा सोडता येत नाही. ‘जतन करा’ दाबलं की फॉर्म अडून बसतो. पण त्या रकान्यात जाऊन स्पेसबार दोन-तीनदा दाबला, तर कित्येक फॉर्म मुकाट्याने पुढे जातात. माणसाला रकाना कोराच दिसतो, संगणकाला मात्र भरलेला. कारण स्पेस ही माणसाच्या दृष्टीने मोकळी जागा असली, तरी संगणकासाठी ‘क’ किंवा ‘ख’सारखंच ते एक चिन्ह आहे. त्याला ३२ हा क्रमांकही आहे. तीन वेळा स्पेस दाबली म्हणजे तीन अक्षरं लिहिली.

वेबपानावर ही अट एका शब्दात घालता येते:

```html
<input type="text" name="sampark" required>
```

यातल्या `required`चा अर्थ ‘काहीतरी अर्थपूर्ण लिहा’ असा नाही. ब्राउझर फक्त मजकुराची लांबी शून्य आहे का, एवढंच बघतो. तीन स्पेसची लांबी तीन, म्हणून पास. गंमत म्हणजे याच पानावर ईमेलसाठीचा खास रकाना असेल, तर ब्राउझर आजूबाजूच्या स्पेस स्वतःच छाटतो आणि कोरा ईमेल अडवतो. साध्या मजकुराच्या रकान्याला तो हे करत नाही. पुढे डेटाबेसमध्येही `NOT NULL` अशी अट बहुतेकदा असते, पण तिलाही तीन स्पेस चालतात. दोन पहारेकरी, आणि दोघेही स्पेसला सोडून देतात.

हे बिलिंगमध्ये कसं फुटतं, ते एका काल्पनिक पण नेहमीच्या उदाहरणातून पाहू. समजा, कोल्हापुरात यंत्रांचे सुटे भाग पुरवणारा एक उद्योग आहे. नवीन ग्राहकाची नोंद करताना ‘संपर्क व्यक्तीचे नाव’ हा रकाना अनिवार्य आहे. नोंद करणाऱ्या ताईंकडे ग्राहकाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक सगळं आहे. फक्त तिकडे कोणाशी बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. माल आजच पाठवायचा आहे. त्या स्पेस दाबतात, नोंद जतन होते, गाडी निघते. पुढचे तीन आठवडे काहीही बिघडत नाही, कारण त्या काळात तो रकाना कोणी वाचतच नाही. मालाची नोंद, चलन, गाडीचा क्रमांक, कशालाच संपर्क व्यक्ती लागत नाही.

महिनाअखेरीला एकदम ४०० बिलं काढली जातात. प्रत्येक बिलासोबत ‘नमस्कार, अमुक’ असं पत्र जातं आणि त्यासाठी प्रोग्राम नावातला पहिला शब्द उचलतो. पायथनमध्ये ती ओळ अशी असेल:

```python
pahile = sampark.split()[0]
```

`split()` मजकुराचे स्पेसपाशी तुकडे करतं. तीन स्पेसमध्ये शब्दच नाही, तेव्हा हाती येते रिकामी यादी, आणि रिकाम्या यादीतला पहिला तुकडा मागितला की प्रोग्राम `IndexError: list index out of range` असं म्हणून थांबतो. २१२ बिलं निघाली, २१३व्यावर सगळं ठप्प. त्या इंग्रजी ओळीत ना ग्राहकाचं नाव, ना रकान्याचं. ज्याने बिलिंगचा भाग लिहिला तो आपल्या ओळी तपासत बसतो, आणि दोष निघतो तीन आठवडे जुन्या, दुसऱ्याच पडद्यावरच्या नोंदीत. घाईत सगळी बिलं पहिल्यापासून पुन्हा काढली, तर आधीच्या २१२ ग्राहकांना दुसऱ्यांदा बिल जाण्याचा धोका वेगळाच. जीएसटीच्या नियमांनुसार बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात, म्हणजे तो गोंधळ लेखापालाला निस्तरावा लागतो.

तरीही मी म्हणेन, हा उद्योग सुदैवी. त्याची चूक ओरडून सांगते तरी. खरी भीती आहे ती गप्प राहणाऱ्या चुकीची. दराचा रकाना मजकुराचा ठेवलेला असेल आणि त्यात फक्त स्पेस गेल्या असतील, तर पायथन आकडा करताना अडतो. जावास्क्रिप्ट मात्र अडत नाही: `Number("   ")` याचं उत्तर तिथे चक्क 0 येतं. बिल निघतं, छापलं जातं, ग्राहकाला पोचतं, आणि त्या वस्तूपुढे रक्कम शून्य असते. ग्राहक काही फोन करून कळवणार नाही. पत्त्याचंही तसंच. नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असायलाच हवा. पत्त्याच्या जागी कोरी ओळ छापली गेली, तर बिल परत येतं आणि पैसेही लांबतात.

अशा नोंदी आधीच शिरल्या आहेत का, हे पडद्यावर बघून कळत नाही. डेटाबेसला विचारावं लागतं:

```sql
SELECT id, length(sampark) FROM grahak
WHERE sampark IS NOT NULL AND trim(sampark) = '';
```

कोऱ्या दिसणाऱ्या नावापुढे लांबी ३ किंवा ५ आली, की चोर सापडला.

दुरुस्ती तशी लहान आहे. मजकूर आला की आधी दोन्ही टोकांच्या स्पेस छाटायच्या, मग रिकामा आहे का ते तपासायचं, आणि छाटलेलाच मजकूर साठवायचा. ही तपासणी सर्व्हरवर हवीच. ब्राउझरमधली फक्त सोयीसाठी, कारण एक्सेलमधून आयात केलेली नोंद ब्राउझरच्या वाटेने येतच नाही. डेटाबेसमध्येही `CHECK (trim(sampark) <> '')` अशी अट घालावी, पण आधी जुन्या नोंदी साफ कराव्यात, नाहीतर ती अटच लागू होत नाही. जॅंगो, लारावेल, रेल्स यांसारख्या चौकटींत यातलं बरंचसं आयतं मिळतं. जावामध्ये `@NotNull`, `@NotEmpty` आणि `@NotBlank` या तीन वेगळ्या खुणा आहेत. फक्त स्पेस अडवते ती तिसरी, आणि लोक सर्रास पहिली लावतात.

छाटणीलाही मर्यादा आहे. व्हॉट्सॅपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधी शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं येतात. त्यांतलं U+200B नेहमीच्या `trim`ला सापडत नाही. मग सगळीच अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकावीत, असं एखाद्याला वाटेल. देवनागरीत ते महागात पडतं. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र काही जुन्या मजकुरांत U+200D या अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेला असतो. ते काढलं की शब्दाचं रूप बिघडतं. त्यामुळे मधल्या चिन्हांना हात न लावता ‘यात एक तरी अक्षर किंवा अंक आहे का?’ हे विचारणं बरं.

आणि स्पेस दाबणाऱ्या ताईंचं काय? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फॉर्मने त्यांच्याकडे नसलेली माहिती सक्तीने मागितली आणि त्यांनी वाट काढली. ती वाट बंद केली, की उद्या त्याच रकान्यात टिंब येईल, परवा ‘NA’. ते तर कुठल्याच तपासणीत अडकत नाही, उलट पत्रावर ‘नमस्कार, NA’ असं छापून जाईल. म्हणून संपर्क व्यक्तीसारख्या रकान्याची चांदणी काढावी, तो खरोखर रिकामा राहू द्यावा आणि नाव नसेल तर पत्रात नुसतं ‘नमस्कार’ लिहावं. पत्ता आणि दर मात्र सोडू नयेत.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात किंवा सोसायटीत बिलाचं सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या चाचणीच्या प्रतीत एक खोटा ग्राहक उघडा, पत्त्यात तीन स्पेस द्या आणि जतन करा. नोंद झाली, तर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करा, आणि तो महिनाअखेरीच्या आधी करा.