ताजबागची कव्वाली आणि कॅमेऱ्याची जागा

17 ऑगस्ट 2025 ला नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. हिजरी पंचांगाच्या हिशोबानं ही शंभरी 2022 मध्येच भरली होती, पण इंग्रजी तारीख आली तशी पुन्हा सगळ्यांना आठवण झाली. त्या दिवशी मोबाइलवर एक तुकडा फिरत फिरत आमच्या रायपूरच्या गुढियारीतही येऊन पोचला. महफिलीत कव्वाली ऐकताना एका म्हाताऱ्या माणसाचं भान हरपलं होतं, त्याला हाल आला होता. ते दृश्य कुणीतरी अर्ध्या मिनिटात कापून त्याखाली सिनेमाचं धांगडधिंग्याचं गाणं चिकटवलं होतं. बघणारे हसत होते. मला हसू आलं नाही, कारण अशा महफिलींचं चित्रण करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली आहेत.

रायपूरचा माणूस बाबांच्या दर्ग्यावर, ताजबागला का जातो, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. 1956 पर्यंत आमची राजधानीच नागपूर होती, आणि ताजबागची वाट तर त्याही आधीची. कामठीत जन्मलेल्या, वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या या फकिराला 1908 मध्ये रघुजीराव भोसल्यांनी सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं. भोसल्यांच्या राज्यात इकडे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांना मग बाबा परके कसे वाटणार? आमची आजी वारीला जात असे आणि ताजबागलाही. दोन्हीकडचा प्रसाद एकाच डब्यात येई.

चित्रणाच्या बाबतीत ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅसेटचा काळ, चित्र नाहीच. नव्वदीत लग्नाच्या शूटिंगवाले खांद्यावर व्हीएचएसचं धूड घेऊन उरुसात शिरू लागले आणि कव्वालाच्या तोंडावर हजार वॅटचा हॅलोजन मारू लागले. गाणाऱ्याचे डोळे मिटायचे, ते भक्तीनं नव्हे, उजेडानं.

खरं दशक 2000 ते 2010. छत्तीसगड राज्य झालं, मिनीडीव्ही कॅमेरा हातात आला, आणि व्हीसीडीच्या धंद्याला ऊत आला. एका व्हीसीडीत 74 मिनिटं मावत. त्यात आठ ‘गाणी’ बसवा, अशी आमच्या कंपनीवाल्याची मागणी असे. कंपनीचं नाव घेत नाही. दुकान केव्हाच बंद झालं. पण त्या माणसानं कव्वालीवर जी कात्री चालवली तिचा हिशोब मला आजही मांडावासा वाटतो.

आम्ही एका उरुसात फारसी मुखड्याची एक मनकबत सलग पंचवीस मिनिटं टिपली होती. हार्मोनियमवर सुरावट, मग एक दोहा, मग मुखडा. मधेच मुख्य कव्वाल मुखडा सोडून हिंदवी दोहा टाकतो आणि परत मुखड्यावर येतो. याला गिरह म्हणतात. फारसी ओळीचा अर्थ समोरच्याला त्याच्या बोलीत पोचवण्याची ती कव्वालाचीच युक्ती आहे. पुढे एका ओळीवर मागच्या रांगेतला कुणी डोलू लागला. कव्वालानं ते हेरलं आणि तीच ओळ धरून ठेवली. ही तकरार. ज्याला हाल आला आहे तो भानावर येईपर्यंत ओळ सोडायची नाही, असा दंडक आहे. कंपनीवाल्यानं ‘तेच तेच काय’ म्हणून तकरार सगळी काढली, ‘दुसरं गाणं घुसलं’ म्हणून गिरह काढली, आणि आठ मिनिटांत मुखडा तेवढा उरवला. जिवंत होतं ते सगळं गेलं.

त्याच्याशी भांडून आम्ही तिघांनी ती मनकबत पुन्हा बांधली, अख्खी. पहिल्यांदा बघणाऱ्याला काय अडेल याचा विचार करून खाली ओळी लिहिल्या. मुखड्याचा अर्थ पहिल्यांदा येतो तेव्हा दाखवायचा, तकरारीत पुन्हा दाखवायचा नाही. अक्षरं नसली की माणूस चेहरे बघतो. गिरहेचा अर्थ पिवळ्या अक्षरात, म्हणजे गाणं बदललं नाही, मधे काही गुंफलं आहे हे कळतं. सुरुवातीला दीड मिनिटाचं निवेदन, त्यात मोजक्याच गोष्टी: गाणारे मजारीकडे तोंड करून का बसले आहेत, आधी हम्द, मग नात, मग मनकबत असा क्रम का, आणि उठून पैसे देणारा माणूस आधी अध्यक्षस्थानी बसलेल्या बुजुर्गापुढे का वाकतो. नजराणा त्यांच्या हातून कव्वालाकडे जातो. हे ठाऊक नसलं की बघणाऱ्याला ती नोटांची उधळण वाटते.

कॅमेऱ्याची जागाही त्याच काळात ठरली. मजार आणि कव्वाल यांच्या मधली पट्टी मोकळी हवी. तिथे तिपाई ठेवली की तुम्ही गाण्याच्याच वाटेत बसलात. आम्ही एका कडेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावत असू, डोकं झाकून, अनवाणी. बायकांच्या बाजूला भिंग वळवायचं नाही. परवानगी दर्ग्याच्या कार्यालयाची, कव्वालाची आणि त्या रात्री अध्यक्षस्थानी असतील त्यांची, अशी तिन्हीकडची. हाल आला की चौकट हळूच मागे साथ करणाऱ्या हमनवांच्या टाळ्यांवर न्यायची. हाल आलेला माणूस त्या वेळी परवानगी देण्याच्या अवस्थेतच नसतो, एवढं एक कारण पुरे.

सगळ्यात दगा द्यायचा तो आवाज. खांबावरचा भोंगा तीस-पस्तीस मीटरवर असला तर त्याचा आवाज मायक्रोफोनपर्यंत सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. कानाला हेडफोन लावून एकच टाळी दोनदा ऐकू आली की समजायचं, भोंगा घुसला. मग तेवढा भोंगा बंद करण्याची विनंती करायची आणि एक माइक ढोलकीजवळ, हातभर अंतरावर, खाली ठेवायचा. नुसत्या मिक्सरवरून आवाज घेतला तर कव्वाल येतो, पण माइक नसलेल्या मागच्या हमनवांच्या टाळ्या येत नाहीत, आणि टाळ्यांवाचून कव्वालीला कणाच राहत नाही.

2011 मध्ये ‘रॉकस्टार’ आला. निजामुद्दीनच्या दर्ग्यातलं ते गाणं सुंदरच आहे, तक्रार गाण्याबद्दल नाही. त्यानंतर येणारी पोरं ताजबागेत गिटार शोधू लागली, हे दुखणं आहे. मोबाइल आले आणि शंभर हात एकदम वर झाले. मागच्या म्हाताऱ्यांना कव्वालाऐवजी पडदेच दिसू लागले. कव्वालही माणूसच. ज्या ओळीवर हात वर होतात ती ओळ तो धरू लागला. तकरार पूर्वी ऐकणाऱ्याच्या हालाला बांधलेली होती, ती आता कॅमेऱ्याला बांधली गेली. व्हीसीडीवाल्यानं गाणं नंतर कापलं होतं. मोबाइल ते गातागाताच कापतो आहे.

म्हणून उरुसाला जाणाऱ्या तरुण चित्रण करणाऱ्यांना एकच सांगतो. पहिली मनकबत कॅमेरा बंद ठेवून ऐका. नंतर टिपायचं असेल तर एकच चीज टिपा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ती पुरी दाखवायची तयारी नसेल, तर मोबाइल खिशातच राहू द्या.