अरबी निवेदन आणि आपले ओळखीचे शब्द

परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला एक स्वनिवेदन द्यावे लागते: मी कोण, काय शिकलो, पुढे काय शिकणार आणि का. समजा, कळंबचा, म्हणजे आपल्या कर्जत तालुक्यातला, एक विद्यार्थी कैरोच्या अल-अझहर विद्यापीठासाठी हे निवेदन अरबीत लिहितो आहे. घरी मराठी, शाळेत उर्दू, अशा या मुलाला अडचण अनोळखी शब्दांची नसते. ओळखीच्या शब्दांची असते.

तो लिहितो, "अना तालिब गरीब." त्याला म्हणायचे असते, मी गरीब विद्यार्थी आहे. कैरोतला परीक्षक वाचतो, मी विचित्र विद्यार्थी आहे! गरीब हा शब्द मूळचा अरबीच, पण तिथे त्याचा अर्थ परका, चमत्कारिक. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येता येता परक्याचा निर्धन झाला. निर्धनाला अरबीत 'फकीर' म्हणतात, आणि आपण फकीर कोणाला म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे. यापेक्षा "दख्लु उस्रती महदूद", माझ्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादित आहे, असे लिहिणे अधिक शोभते. 'मेहनत' शब्दाचेही तसेच. अरबीत त्याचा अर्थ संकट, कसोटी. 'मी मेहनतीने शिकलो' म्हणायचे, तर तिथे 'इज्तिहाद' हवा.

याहून घातक चूक एका लहानशा अव्ययाची. 'अर्गबु' या क्रियापदापुढे 'फी' आले, तर 'मला शिकण्याची इच्छा आहे'. 'अन' आले, तर 'मला शिकण्याचा कंटाळा आहे'. क्रियापद तेच, अर्थ नेमका उलटा. अव्ययाकडे घाईत लक्ष जात नाही, म्हणून निवेदन दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. कानाला ही चूक लवकर कळते.

आरंभी परीक्षकांना अभिवादन आणि शेवटी "व तफद्दलू बि-कबूलि फाइकिल्-इहतिराम" हे आदराचे वाक्य, एवढा शिष्टाचार पुरे. आमच्या मते, मध्ये ज्ञानाची स्तुती करीत बसणे व्यर्थ. ती प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी आमच्या विद्यार्थ्याने लिहावे की, माहीमचे मखदूम अली माहिमी (निधन १४३१) हे कोकणातले विद्वान. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. ते मला मुळातून वाचायचे आहे, आणि त्यासाठी भाष्यशास्त्राचा पाया हवा. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या अर्जात उतरणे कठीण!

राहता राहिला पत्ता. अरबीत ळ नाही, म्हणून कळंबचे 'कलंब' होते. कर्जतमधला 'ज' लिहिता येतो. पण कैरोत त्या अक्षराचा उच्चार 'ग' करतात, तेव्हा तिथे 'कर्गत' ऐकू आले तर नवल नाही. रायगडाला तर 'ग' आणि 'ड' दोन्हींची अडचण, आणि ज्याला जसे सुचेल तसे तो लिहितो. म्हणून एकच लेखन ठरवून सर्व कागदांवर तेच ठेवावे, आणि पारपत्रावरील रोमन अक्षरांतले नाव व पत्ता शेजारी जसाच्या तसा द्यावा.