खेळून आल्यावर मुलांची टाच का दुखते? कारण दडलंय वाढत्या हाडात

मैदानात तासभर धावलेलं मूल घरी येताना लंगडतं, टाच टेकवायला नको म्हणून चवड्यावर चालतं. कुठे पडलेलं नसतं, सूजही दिसत नाही. मग 'नाटक करतोय' असा शेरा मिळतो. पण साधारण ८ ते १४ वर्षांच्या, भरपूर खेळणाऱ्या मुलांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. तिला 'सिव्हर्स डिसीज' म्हणतात. नावात 'डिसीज' असलं तरी हा संसर्ग किंवा कायमचा आजार नाही.

नेमकं होतं काय?

या वयात टाचेचं हाड एकसंध झालेलं नसतं. त्याच्या मागच्या टोकाला हाडाचा वेगळा तुकडा वाढत असतो आणि मुख्य हाडाशी तो मऊ कूर्चेने जोडलेला असतो. पोटरीचा जाड स्नायूबंध नेमका याच तुकड्याला वरून ओढतो.

उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात आणि पोटरीचे स्नायू मागे राहून ताणलेले असतात. त्यात धावणं-उड्या मारणं आलं, की प्रत्येक पावलाला ओढ आणि आपटणं दोन्ही त्या कच्च्या जागेवर पडतं.

ओळखायचं कसं?

टाच मागच्या बाजूला दोन्ही कडांनी हलकेच दाबली की मूल कळवळतं. खेळताना किंवा खेळानंतर दुखतं, विश्रांतीने कमी होतं. एक्स-रे बहुतेकदा नॉर्मल येतो. याचा अर्थ दुखणं खोटं आहे, असा नाही.

काय करायचं?

समजा, दहा वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन दिवस खो-खो खेळायची आणि स्पर्धेमुळे कडक मैदानावर, अनवाणी, रोज सराव सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात टाच दुखू लागली. इथे बिघडलंय ते सरावाचं प्रमाण. त्यामुळे आधी धावणं थांबवायचं. कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं लावायचा. दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ पॅड ठेवायचं, म्हणजे टाच थोडी उचलली जाऊन पोटरीची ओढ सैल होते. दुखणं ओसरल्यावर पोटरीला ताण देणारे व्यायाम सुरू करायचे.

न लंगडता चालता आलं की हलकं धावणं, मग दिवसाआड सराव. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडणं दिसलं, तर आदल्या दिवशीचा खेळ जास्त झाला असं समजायचं. दुखणं दाबून खेळवलं तर ते महिनोन्महिने रेंगाळतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

रात्री दुखण्याने जाग येणं, ताप, टाच लाल होणं किंवा सुजणं, पडल्यानंतर पाय टेकवताच न येणं, ही लक्षणं वेगळ्या कारणाची असू शकतात. तेव्हा थांबू नये. विश्रांती घेऊनही काही आठवड्यांत फरक नसेल, तरी तपासून घ्यावं.

साधारण १५व्या वर्षापर्यंत तो तुकडा मुख्य हाडाशी जुळून पक्का होतो. त्यानंतर हे दुखणं परत येत नाही.