दुप्पट करा, तीस मिळवा. पण बाळाच्या तापाला नको

थंडीच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या एका घरी नातीला घेऊन लेक माहेरी आली होती. बाळ आठ दिवसांचे. दूध नीट ओढत नव्हते, रडणेही बारीक झाले होते. घरात नवा डिजिटल थर्मामीटर होता. तो बगलेत लावला, तर आकडा आला ३५. घरातल्या काकांनी लगेच तोंडी हिशेब केला, "पस्तीस दुणे सत्तर, अन् तीस, शंभर! ताप आहे पोरीले. कपडे कमी करा." आजीने दुपटे सोडायला घेतले. मी कारकून माणूस, आकड्यांची सवय. कागदावर मांडून पाहिले, तर उत्तर आले ९५. बाळाला ताप नव्हता, बाळ गार पडले होते!

काकांचे पाठांतर चुकले नव्हते. सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना दुप्पट करून ३० मिळवायचे, ही युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. खरा नियम असा की, सेल्सिअसला १.८ ने गुणायचे आणि ३२ मिळवायचे. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून १.८ चे २ केले आणि ३२ चे ३०. एकीकडे वाढवले, दुसरीकडे घटवले. या दोन चुका एकमेकींना पूर्ण फेडतात त्या फक्त १० अंशांवर. तिथे युक्तीनेही ५० येतात आणि नियमानेही ५०. त्याच्या वर गेलो की दर ५ अंशांना १ फॅरनहाइटची चूक वाढत जाते. २० ला २ ची, ३० ला ४ ची, ४० ला ६ ची.

म्हणजे थंड मुलखातल्या हवेला ही युक्ती बरी. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७ वर गेला, तर ती १२४ सांगेल, खरे असतील साधारण ११६.६. सात अंशांहून अधिक फरक! पण हवेच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. ११६ काय नि १२४ काय, डोक्याला दुपट्टा बांधायचाच आहे.

शरीराचे मात्र तसे नाही. तिथे निरोगी आणि आजारी यांच्यात दोन-तीन अंशांचेच अंतर असते, आणि युक्तीची चूक पाचाची. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असावे. ३५ म्हणजे बाळ धोकादायक गार. पण युक्ती त्यालाच १०० चा ताप म्हणते आणि घरचे नेमके उलटे करतात.

उलट दिशेनेही तेच. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मलेरिया असतो. थर्मामीटरवर १०४ दिसले आणि कोणी ३० वजा करून निम्मे केले, तर ३७ येतात. म्हणजे ताप नाहीच! खरे उत्तर आहे ४०. अशा तापात रक्त तपासायला जायचे, आणि माणूस मात्र घरी निवांत झोपतो.

बाळाच्या तापमानाचे महत्त्व आपल्याच भागाने देशाला दाखवले आहे. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तापमान घेणे हाही त्यात धडा होता. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. पुढे २०११ पासून अशी घरभेट देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

युक्ती टाकून द्यायचीही गरज नाही, एक पायरी वाढवली की ती अचूक होते. दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ३५ ची दुप्पट ७०, त्यातून ७ गेले, उरले ६३, त्यात ३२ मिळवले की ९५. करून पाहायला ३७ घ्या. ७४ मधून ७.४ गेले, ६६.६ उरले, मिळवा ३२. ९८.६ आले. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर याच आकड्याशी खूण असायची.

त्याआधी काचेवरचे अक्षर बघा, C आहे की F. पुष्कळ डिजिटल थर्मामीटरमध्ये बटण दाबून धरले की ते बदलते, आणि मुलांच्या हातून नकळत दाबले जाते. आकडा तिसांत-चाळिशीत असेल तर सेल्सिअस, नव्वदीत-शंभरीत असेल तर फॅरनहाइट, हे अक्षर न दिसताही कळते. आणि आकड्यावर विश्वास बसेना, तर बाळाच्या पोटाला नि पावलांना हात लावून पाहावे. गार बाळाची पावले आधी थंड पडतात, पोटही थंड लागले तर गोष्ट पुढे गेली समजा.

त्या दिवशी आजीने दुपटे पुन्हा गुंडाळले. लेकीने बाळाला उघड्या छातीशी धरले, डोक्याला टोपरे घातले, वरून गोधडी घेतली. मी आशाताईंना बोलावून आणले. त्यांनी पावलांना हात लावला आणि म्हणाल्या, "अशीच छातीशी धरून दवाखान्यात चला." काका रिक्षा आणायला धावले.