नोटीस, आदेश आणि अपील

अनधिकृत बांधकामाची नोटीस हातात पडली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘पाडणार कधी?’ आणि दुसरा, ‘अपील कुठे करायचं?’ पहिल्या नोटिशीच्या टप्प्यावर दोन्ही प्रश्न थोडे घाईचे आहेत. ‘कारणे दाखवा’ नोटीस म्हणजे आदेश नव्हे. त्यात महापालिका आपला आरोप सांगते आणि तुमचं म्हणणं मागते. अपील असतं ते त्यानंतर निघणाऱ्या निर्णयावर.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीतलं रो-हाऊस. मालकाने बाजूच्या मोकळ्या जागेत, म्हणजे साइड मार्जिनमध्ये, विटांची खोली बांधली आणि वर पत्रे टाकले. पहिल्या मजल्याची बाल्कनीही भिंत घालून बंद केली. दोन पानी नोटीस आली, कलमांनी गच्च भरलेली. मालकाला हवा असलेला सारांश एवढाच:

‘साइड मार्जिनमधील खोली परवानगीशिवाय बांधली आणि बाल्कनी मंजूर नकाशाविरुद्ध बंद केली, असे दोन आक्षेप. नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 260 व एमआरटीपी कायद्याचे कलम 53 यांखाली. नोटिशीवरची तारीख 28 मे, हाती मिळाली 4 जूनला. लेखी खुलासा 19 जूनपर्यंत. सुनावणी 23 जून, नोटिशीत नाव असलेल्या अधिकाऱ्यासमोर. पाडण्याचा आदेश अजून झालेला नाही.’

यातली नोटीस हाती पडल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी देशभरासाठी निर्देश दिले. स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांपैकी जे उशिरा संपेल तेवढा वेळ मालकाला मिळायला हवा. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची, शिवाय बांधकामावर बाहेरून डकवायची. तिच्यात नेमका भंग, पाडण्याची कारणं, खुलाशासोबत लागणारी कागदपत्रं आणि सुनावणीची तारीख असलीच पाहिजे. म्हणून पोस्टाचं पाकीट जपून ठेवा. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. कोर्टानेच पाडायला सांगितलेल्या बांधकामालाही नाही.

कारणं वाचताना दोन आक्षेप एकत्र करू नयेत. बाल्कनी बंद करणं नियमावलीत बसत असेल, तर शुल्क भरून ते नियमित होण्याची शक्यता असते. साइड मार्जिनमधली खोली सहसा बसत नाही. ‘शेजाऱ्यानेही बांधलंय’ हा खुलासा तर कुठेच टिकत नाही. बांधकाम जुनं आणि मंजूर असेल, तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडावी. खुलासा आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. सुनावणीचं इतिवृत्त लिहून ठेवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा.

बहुतेकांची चूक याच टप्प्यावर होते. कलम 53 च्या नोटिशीतली मुदत संपायच्या आत, बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस अमलात येत नाही. परवानगी नाकारली, तर कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. म्हणजे ज्याने परवानगीचा अर्जच केला नाही, त्याच्यासाठी हे दार उघडतच नाही. कलम 260 खालच्या आदेशाविरुद्ध बहुतेकदा उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, कारण कलम 433अ ने दिवाणी दाव्याची वाट अडवली आहे.

समजा, आपल्या मालकाचा अर्ज फेटाळला गेला आणि पाडण्याचा आदेशही त्यासोबतच 7 जुलैला हाती आला. आदेशात मालकाचं म्हणणं का पटलं नाही, काही भाग नियमित होऊ शकतो का आणि पाडण्यावाचून पर्याय का नाही, हे लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

आता दोन मुदती एकाच वेळी धावतात. अपिलासाठी 16 ऑगस्टपर्यंत वेळ आहे. पण आदेश मिळाल्यापासून 15 दिवस, म्हणजे 22 जुलैपर्यंतच हातोडा थांबलेला आहे. नुसतं अपील दाखल केलं म्हणून तो पुढे थांबत नाही. तेव्हा 40 दिवसांच्या भरवशावर राहू नका. अपील आणि स्थगितीचा अर्ज एकत्रच, पहिल्या आठवड्यात दाखल करा.