पहिली कुदळ मारण्याआधी : प्रकल्पाची सनद

प्रकल्पाची सनद, म्हणजे कचेऱ्यांतून ज्याला ‘प्रोजेक्ट चार्टर’ म्हणतात तो कागद, काम सुरू होण्यापूर्वी लिहिला जातो आणि बहुधा दोन-तीन पानांत संपतो. काम कशासाठी हाती घेतले, त्याचा धनी कोण, काय करायचे आणि काय करायचे नाही, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि काम साधले हे कशावरून ओळखायचे, एवढेच त्यात असते. स्पॉन्सरने सही केली की प्रकल्पाला अधिकृत मान्यता मिळते आणि व्यवस्थापकाला माणसे व पैसा वापरण्याचा अधिकार येतो. सविस्तर वेळापत्रक आणि अंदाजपत्रक नंतर तयार होतात.

या प्रश्नांची उत्तरे अर्धवट राहिली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसचे आहे. 1957 मध्ये डॅनिश वास्तुकार यर्न उत्झन यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला. खर्चाचा अंदाज सुमारे 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि 1963 मध्ये इमारत पुरी व्हायची होती. ती प्रत्यक्षात 1973 मध्ये खुली झाली आणि खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला.

मुख्य सभागृहात सिंफनीच्या मैफली आणि ऑपेरा दोन्ही व्हावेत, असे स्पर्धेच्या अटींतच होते. पण वाद्यवृंदाला सभागृहात सुमारे दोन सेकंद घुमणारा आवाज लागतो, तर ऑपेरातले शब्द कळायला ही घुम कमी असावी लागते. दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येत असतील तर कोणते वरचढ, हे सनदेत स्पष्ट लिहावे लागते. इथे तो निर्णय शेवटपर्यंत लांबला. अखेर मोठे सभागृह मैफलींना दिले गेले, ऑपेराची रवानगी लहान सभागृहात झाली आणि मोठ्या रंगमंचासाठी आणलेली यंत्रसामग्री काढून टाकावी लागली. उद्दिष्टांचा क्रम कागदावर ठरवायला फार तर काही बैठका लागल्या असत्या.

स्पॉन्सर म्हणजे केवळ पैसे पुरवणारा नव्हे. वाद आल्यावर निकाल देणारा आणि त्या निकालाची जबाबदारी घेणारा एक माणूस असावा लागतो. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जोसेफ केहिल हे या प्रकल्पामागचे खरे बळ होते, पण काम सुरू झाले त्याच वर्षी, 1959 मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे कार्यकारी समिती, सार्वजनिक बांधकाम मंत्री, वास्तुकार आणि सभागृह वापरणाऱ्या संस्था असे अनेक जण हक्क सांगत राहिले. 1965 मध्ये सरकार बदलले, नव्या मंत्र्यांशी पैशांवरून आणि नकाशांवरून खटके उडाले आणि 1966 मध्ये उत्झन यांनी काम सोडले. म्हणूनच सनदेत स्पॉन्सरचे नाव आणि पद दोन्ही लिहावे, आणि तो बदलल्यास नव्या व्यक्तीने सनद वाचून पुन्हा सही करावी.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गृहीतकांकडे, कारण लिहिणाऱ्याला ती गृहीतके वाटतच नाहीत. उत्झन यांच्या शिंपल्यांसारख्या छपराचा आकार गणितात कसा बसवायचा, हे ठरायच्या आतच चौथऱ्याचे बांधकाम सुरू झाले. लोकमत फिरेल या धास्तीने केहिल यांना घाई होती. चौथऱ्याचे खांब छपराचा भार पेलतील, हे मनोमन धरले गेले होते. 1961 च्या सुमारास छपराचे सर्व भाग एकाच गोलाच्या पृष्ठभागातून काढायची युक्ती सापडली, पण उभे केलेले खांब त्या वजनाला पुरेसे नव्हते. ते पुन्हा बांधावे लागले. सनदेत याची नोंद साधारण अशी झाली असती : ‘छपराचे वजन अंदाजित मर्यादेत राहील असे धरले आहे, संरचना अभियंत्यांनी ते तपासेपर्यंत खांबांचे काम सुरू करू नये.’ प्रत्येक गृहीतकापुढे ते कोण तपासणार, कधी तपासणार आणि ते खोटे ठरल्यास कोणते काम थांबणार, हे असावे.

व्याप्तीच्या सीमा लिहिताना ‘यात काय नाही’ ही यादी अधिक कामाची ठरते. वाहनतळ, समोरचा रस्ता, कलाकारांच्या संस्थांचे सामान यांतले काय प्रकल्पाबाहेर आहे, हे लिहिलेले असेल तर पुढे आलेली प्रत्येक मागणी नवी मागणी म्हणून स्पॉन्सरपुढे जाते. तसे नसेल तर ती कामात हळूच मिसळते आणि खर्च कुठे वाढला ते कळत नाही.

यशाचे मोजमापही आधीच ठरवावे लागते. खर्च आणि मुदत या कसोट्यांवर सिडनीचा प्रकल्प साफ नापास ठरतो. पण त्याच इमारतीला 2007 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. दोन्ही निकाल खरे आहेत. म्हणून ‘सभागृह उत्तम व्हावे’ असे न लिहिता ‘प्रेक्षक बसलेले असताना घुम इतकी सेकंद असावी, ती अमुक तज्ज्ञांनी उद्घाटनापूर्वी मोजावी आणि खर्च या रकमेपलीकडे जाणार असेल तर काम थांबवून स्पॉन्सरची परवानगी घ्यावी’ असे लिहावे. यांतल्या कोणत्या मोजमापावर तडजोड चालेल आणि कोणत्यावर नाही, तेही त्याच ओळीत नमूद करावे.