सांधा गेला, हालचाल राहिली

पुलावर गाडी चढताना आणि उतरताना जो ‘धड’ आवाज येतो, तो डेकच्या टोकाला असलेल्या एक्स्पान्शन जॉइंटचा. उन्हाने डेक लांबतो, थंडीत आखडतो, म्हणून तिथे फट ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणी या फटीतून खाली झिरपून बेअरिंग आणि लोखंडी सळ्या गंजवू लागले. शेवटी तिथल्या अभियंत्यांनी १९९०च्या दशकात नियमच केला, की साधारण ६० मीटरपर्यंतच्या पुलाला शक्यतो सांधा ठेवूच नये. डेक आणि त्याच्या टोकाची भिंत, म्हणजे अबटमेंट, एकसंध ओतायचे. हाच इंटिग्रल पूल.

पण सांधा काढला म्हणून हालचाल थांबत नाही. ६० मीटरच्या डेकचे तापमान वर्षभरात ४० अंशांनी बदलले, तर त्याची लांबी सुमारे २९ मिलिमीटरने बदलते. म्हणजे प्रत्येक टोक चौदा-एक मिलिमीटर पुढेमागे सरकते आणि सोबत अबटमेंटलाही नेते. भिंतीमागे रस्त्याचा भराव असतो, त्यामुळे खरी कहाणी मातीची आहे.

उन्हाळ्यात भिंत भरावात रेटली जाते, माती उलट दाबते. हिवाळ्यात भिंत मागे हटते. सहा मीटर उंच भिंत सहा-एक मिलिमीटर जरी हटली, तरी तिच्यामागची घट्ट वाळू सुटी होऊन खाली घसरायला तेवढे पुरते. मोकळी झालेली जागा कण भरून काढतात. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीला परतायचे असते, पण तिची जागा आता व्यापलेली असते. मग दाब गेल्या वर्षीपेक्षा जास्त चढतो. डबा हलवला की धान्य बसते, तशीच ही माती वर्षानुवर्षे बसत जाते. दाब कुठेतरी स्थिरावतो खरा, पण तो डिझाइनमध्ये आधीच धरावा लागतो. सुरुवातीला भराव सैल ठेवून ही अडचण टळत नाही, कारण पूल स्वतःच त्याला दाबून घट्ट करतो.

याची खूण वर रस्त्यावर दिसते. अबटमेंटच्या लगेच मागे डांबराला आडवी भेग पडते, मग तिथे उथळ खळगा होतो. डांबराचा थर चढवला की काही काळ बरे दिसते, पण खालची हालचाल सुरूच असते. भिंतीमागे काँक्रीटची अ‍ॅप्रोच स्लॅब टाकली तर वाहनांना धक्का लागत नाही, मात्र स्लॅबखाली पोकळी राहू शकते आणि हालचाल स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. भिंत आणि माती यांच्यामध्ये दबणारा फोमचा थर घालणे मला अधिक समंजस वाटते. दाब त्यातच जिरतो. अट एवढीच, की हजारो वेळा दबूनही तो फुगून पूर्ववत झाला पाहिजे, कारण उन्हाळा-हिवाळ्याच्या मोठ्या फेऱ्यांखेरीज दिवस-रात्रीची छोटी हालचालही रोजची असते.

अमेरिकेत अनेक ठिकाणी अबटमेंट एका रांगेतल्या पोलादी पाइल्सवर उभे करतात आणि पाइल्स मुद्दाम कमी ताठ बाजूने वाकतील अशा बसवतात. त्यामुळे पायावरचा ताण हलका होतो. भरावातली माती मात्र तशीच बसत राहते.